ई-स्टँप खरा आहे का, हे सही करण्याआधी कसं तपासायचं? (वडोदऱ्यातला एक भाडेकरार)

प्रश्न: आम्ही मूळचे सांगलीचे, नवऱ्याच्या बदलीमुळे वडोदऱ्यात आलोय. गोत्रीत फ्लॅट घेतोय, अकरा महिन्यांचा करार, 60 हजार डिपॉझिट. दलालाने 500 रुपयांच्या ई-स्टँपचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवलाय. साइटवर नंबर टाकला, Lease निवडलं, तर काही सापडत नाही. दलाल म्हणतो सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, उद्या सही करून टाका. स्टँपवर तारीख चार महिन्यांपूर्वीची आहे, घरमालकाचं नाव आहे आणि Second Party समोर NA लिहिलंय. Description समोर Article 5(h) असं काहीतरी आहे. सही करू का?

उत्तर:

उद्या सही करू नका. पण घाबरूनही जाऊ नका, कारण साइटवर काही सापडलं नाही याचा अर्थ स्टँप खोटा आहे असा होत नाही. बहुधा तुमच्याच हातून एक खाना चुकलाय, तो कुठला ते पुढे सांगतो. तो दुरुस्त केलात की प्रमाणपत्र सापडेल आणि सगळा तपशीलही जुळेल असा माझा अंदाज आहे. तरीसुद्धा या स्टँपवर सही करू नका असंच मी म्हणेन, आणि त्याचं कारण त्या NA मध्ये आणि चार महिन्यांपूर्वीच्या तारखेत आहे.

मी दांडिया बाजारात बावीस वर्षं दस्त करतोय. गुजरातमध्ये 1 ऑक्टोबर 2019 पासून छापील स्टँप पेपर बंद झाले. त्याआधी पक्षकार कागद उजेडात धरून पाहायचे, बोट फिरवून छपाईचा उठाव बघायचे. ती सवय अजून जात नाही. परवाच एक काका प्रमाणपत्र खिडकीशी नेऊन वॉटरमार्क शोधत होते. ई-स्टँपच्या बाबतीत या कसरतीचा उपयोग नाही. छापील स्टँप पेपर म्हणजे नोटेसारखी वस्तू, किंमत कागदातच. म्हणून तर खानापूरच्या तेलगीला बनावट कागद छापून एवढा मोठा घोटाळा करता आला. ई-स्टँपचा कागद म्हणजे एका नोंदीची पावती. पैसे भरल्याची नोंद ई-स्टँपचं काम बघणाऱ्या स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशनच्या संगणकात असते. नोंद नसेल तर कागद कितीही देखणा असो, रद्दी. कागद साधा दिसत असेल आणि नोंद चोख असेल, तर शुल्क भरलेलं आहे.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. प्रमाणपत्राच्या अगदी तळाशी Statutory Alert म्हणून बारीक अक्षरांत तीन वाक्यं असतात. ती कोणी वाचत नाही. पहिलं वाक्य सांगतं की या प्रमाणपत्राची खात्री www.shcilestamp.com वर किंवा स्टॉक होल्डिंगच्या मोबाइल अॅपवर करून घ्यावी, आणि कागदावरचा तपशील व तिथला तपशील यांत फरक निघाला तर प्रमाणपत्र अवैध. दुसरं सांगतं की खरं-खोटं तपासण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची. म्हणजे तुमची. दलालाची नाही, विकणाऱ्याचीही नाही.

आता तुमचं कुठे अडलं ते बघू. वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा. दलालाने पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका, आणि सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवरूनही नको. तिथे Verify e-Stamp Certificate उघडलं की ते राज्य विचारतं, प्रमाणपत्राचा नंबर विचारतं, Stamp Duty Type विचारतं, दिलेली तारीख विचारतं आणि शेवटी पडद्यावर दिसणारी अक्षरं भरायला लावतं. हे सगळं एकाच वेळी जुळलं तरच नोंद उघडते. एक खाना चुकला की नोंद समोर येत नाही, आणि कुठला खाना चुकला हे काही ते सांगत नाही. लोक इथेच घाबरतात किंवा दलालाच्या "सर्व्हर डाउन"वर विश्वास ठेवतात.

तुम्ही Lease निवडलंत. साहजिक आहे, घर भाड्याने घेताय. पण तिथे तुम्हाला तुमचा व्यवहार सांगायचा नसतो, कागदावर Description of Document समोर जे छापलंय तेच निवडायचं असतं. तुमच्या कागदावर Article 5(h) आहे. गुजरातच्या मुद्रांक कायद्याच्या अनुसूचीत 5(h) म्हणजे ज्या करारांना दुसरं कलम लागत नाही त्यांचं सर्वसाधारण कलम, आणि Article 30 म्हणजे लीज. दलाल मंडळी सगळ्या कामांना चालेल म्हणून 5(h) खाली स्टँप घेऊन ठेवतात. यादीत 5(h) ची ओळ शोधून तीच निवडा. नव्वद टक्के वेळा गाठ इथेच सुटते.

तरी नाही सुटली तर नंबर परत बघा. गुजरातच्या प्रमाणपत्राचा नंबर असा दिसतो:

```
IN-GJ##############A
```

IN-GJ, त्यानंतर चौदा आकडे, शेवटी एक इंग्रजी अक्षर. आडवी रेघ धरून एकूण वीस खुणा होतात. मध्ये मोकळी जागा सोडायची नाही. व्हॉट्सअॅपचा फोटो दाबून बारीक झालेला असतो, त्यात 3 चा 8 होतो, 6 चा 8 होतो, 1 आणि 7 सारखेच दिसतात. बोटाने मोजा. एकोणीस किंवा एकवीस भरले तर तुमचं चुकलंय, किंवा ज्याने नंबर बनवलाय त्याचं चुकलंय. दलालाला फोटोऐवजी डॉक्युमेंट म्हणून फाइल पाठवायला सांगा, म्हणजे अक्षरं दबत नाहीत. आणि पूर्ण पान हवं, सरळ, तळच्या ओळींसकट. नंबरवर अंगठा ठेवून काढलेला फोटो मी पाहिलाय, आणि तो अंगठा चुकून आलेला नव्हता.

तारखेत चूक होते ती अशी. करारावर एक तारीख असते, नोटरीच्या शिक्क्यावर दुसरी. वेबसाइटला यातली कुठलीच नको असते. Certificate Issued Date समोर तारीख आणि वेळ असते, त्यातली फक्त तारीख भरायची.

प्रमाणपत्रावरच्या चौकोनी कोडबद्दलही विचाराल म्हणून सांगतो. तो स्टॉक होल्डिंगच्या अॅपमधून स्कॅन करा. फोनच्या साध्या कॅमेऱ्याने स्कॅन करून जे पान उघडेल त्यावर भरवसा ठेवू नका. ज्याला अख्खं प्रमाणपत्र खोटं बनवता येतं, त्याला त्यावर स्वतःच्या पानाकडे नेणारा कोड चिकटवायला कितीसा वेळ? तिथे "Valid" असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं पान तो दाखवणारच.

समजा नोंद उघडली. इथे बहुतेक जण हुश्श करून खिडकी बंद करतात. खरं काम इथून पुढे आहे. पडद्यावरचा तपशील आणि हातातला कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवायची.

2021 मधली गोष्ट. मांजलपूरमधल्या एका दुकानाचा करार माझ्याकडे आला. दलालाने स्टँप स्वतः आणला होता, 3000 रुपयांचा. नंबर टाकला, नोंद मिळाली, नावंही बरोबर. माझ्याकडे तेव्हा शिकायला असलेली मुलगी म्हणाली, "झालं ना काका?" मी म्हटलं, रक्कम वाच. पडद्यावर Stamp Duty Amount होती 300. कागदावर 3,000. खरं प्रमाणपत्र 300 चं घेऊन त्याच्या फाइलमध्ये एक शून्य वाढवलं होतं आणि रंगीत छापून आणलं होतं. नीट पाहिल्यावर कळलं की अक्षरी रक्कम Three Thousand Only इतर ओळींपेक्षा किंचित वर सरकली होती. पण ते आधी रेकॉर्ड बघितलं म्हणून दिसलं. नुसता कागद बघून माझ्याही लक्षात आलं नसतं, हे कबूल करतो. 2700 रुपये दलालाच्या खिशात गेले असते आणि पुढे दुकान खाली करण्यावरून वाद झाला असता, तर कोर्टात तो करार पुरावा म्हणून पुढे करताना शुल्क कमी पडल्याचं निघालं असतं. मग उरलेलं शुल्क आणि वर दंड. तो भरायचा कोणी, तर ज्याला करार दाखवायची गरज आहे त्याने. डिपॉझिट परत मागणारा भाडेकरूच बहुधा तो असतो.

दुसरा प्रकार जास्त सोपा पकडता येतो. दुसऱ्याच कुणाच्या खऱ्या प्रमाणपत्राचा नंबर उचलून त्यावर तुमची नावं छापलेली असतात. नोंद उघडते, पण First Party म्हणून भलताच माणूस दिसतो. कधी खालची Description of Document ओळ प्रतिज्ञापत्राची, म्हणजे Article 4 ची निघते. नुसतं "सापडलं" एवढ्यावर थांबणारा इथे फसतो.

नावांच्या स्पेलिंगवरून मात्र कीस काढू नका. इथे गुजरातीत आडनाव आधी लिहितात, रमेशभाई कागदावर कधी Rameshbhai तर कधी Ramesh असतो, आणि आपल्या आडनावांचं तर विचारूच नका, माझं स्वतःचं तीन प्रकारे लिहिलेलं आहे. बघायचं इतकंच की कागदावर जे छापलंय तेच पडद्यावर आहे का, आणि तो माणूस तोच आहे का. त्यासाठी घरमालकाकडून फ्लॅटचं वेरा बिल, म्हणजे घरपट्टीचं बिल, किंवा लाइट बिल मागा. First Party मधलं नाव आणि बिलावरचं नाव यांचा मेळ लागला पाहिजे. नाव खरोखर चुकलं असेल, तर दिलेल्या प्रमाणपत्रात दुरुस्ती होत नाही, पेनाने खाडाखोड करून तर मुळीच नाही. नवीन घ्यावं लागतं.

आता तुमच्या NA कडे येतो.

माझा अंदाज असा की 5(h) निवडल्यावर तुमचं प्रमाणपत्र सापडेल. रक्कम 500, पहिला पक्ष घरमालक, दुसरा पक्ष NA, तारीख चार महिन्यांपूर्वीची. कागद आणि पडदा तंतोतंत सारखे. दलाल म्हणेल, बघा, ओरिजिनल आहे. आणि तो खरंच बोलत असेल! प्रश्न वेगळाच आहे: हे प्रमाणपत्र याआधी कुणाच्या करारासाठी वापरलं गेलंय का?

याचं उत्तर वेबसाइट देत नाही. दस्त नोंदणीला गेला, तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ते प्रमाणपत्र लॉक करतात, म्हणजे ते पुन्हा दुसऱ्या दस्ताला लावता येत नाही. पण तुमचा करार अकरा महिन्यांचा. वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या लीजची नोंदणी सक्तीची, म्हणून तर अकरा महिन्यांची ही प्रथा पडली. असा करार नोटरीकडे जातो आणि तिथेच संपतो. निबंधकाच्या कार्यालयात तो कधी जातच नाही, त्यामुळे प्रमाणपत्र लॉकही होत नाही. ते संगणकात कायम कोऱ्यासारखंच दिसत राहतं. एकदा वापरलं तरी, चारदा वापरलं तरी.

आणि प्रमाणपत्र फाइलच्या रूपात हाती असलं, की ते पुन्हा छापणं ही दोन मिनिटांची गोष्ट. दुसऱ्या पक्षाचं नाव त्यावर असतं, तर हा उद्योग चालला नसता, कारण मार्चमधल्या भाडेकरूचं नाव जुलैच्या करारावर कसं खपवणार? NA लिहिलं की तो अडसर गेला. घरमालकाचं नाव कायम, खाली मजकूर बदलायचा, बस. एका मालकाचे तीन फ्लॅट, तिन्ही करार एकाच नंबरच्या प्रमाणपत्रावर, असं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. तिघांतल्या एकाने डिपॉझिटसाठी दावा करायचं ठरवलं आणि माझ्याकडे आला. शेजारच्यानेही आपला करार आणून दाखवला, तेव्हा दोन्हींचा नंबर एक निघाला. त्यांतल्या एकाचंच शुल्क भरलेलं होतं. बाकीचे बिनस्टँपचे. कुणाचं कुठलं, हे ठरवायला मालक तयार नव्हता, आणि दलालाने फोन उचलणं बंद केलं.

तुमचा दलाल असंच करतोय असं मी म्हणत नाही. पुष्कळदा हा निव्वळ आळस असतो. गठ्ठ्याने स्टँप आणून ठेवायचे, भाडेकरू ठरला की वापरायचे, आणि तेव्हा भाडेकरूचं नाव माहीत नसतं म्हणून NA. पण त्याचा आळस आणि त्याची लबाडी तुम्हाला बाहेरून सारखीच दिसते. दोन्हींवर इलाज एकच: दोन्ही पक्षांची नावं असलेलं, सहीच्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी काढलेलं नवीन प्रमाणपत्र. 500 रुपये तुम्ही भरा हवं तर. 60 हजारांच्या डिपॉझिटपुढे ती रक्कम काहीच नाही. शक्य असेल तर स्वतः जाऊन घ्या. अधिकृत विक्रेत्याकडे किंवा केंद्रावर दोघांची नावं, घराचा पत्ता आणि कलम सांगायचं. छापण्याआधी पडद्यावरचा मसुदा तुम्हाला दाखवायला सांगा, कारण एकदा छापलं की स्पेलिंग सुधारत नाही.

कलमाचं आणि रकमेचं काय? इथे वेबसाइटची दुसरी मर्यादा आहे. इतके रुपये या नावाने भरले, एवढंच ती सांगते. तुमच्या कराराला तेवढे पुरेसे आहेत का, याच्याशी तिला घेणं-देणं नाही. दोन कोटींच्या व्यवहाराला 500 चा स्टँप लावलात तरी पडताळणीत तो खराच निघेल. भाडेकराराचं शुल्क मुदत, भाडं, डिपॉझिट आणि घर राहायचं की धंद्याचं यावर ठरतं, दर मधूनमधून बदलतात, आणि महाराष्ट्रातला आकडा इथे चालत नाही. म्हणून सही करायच्या आठवड्यात चालू असलेला दर विक्रेत्याकडून किंवा दस्त करणाऱ्याकडून विचारून घ्या, आणि राहत्या घराचा भाडेकरार म्हणूनच विचारा. मग त्याच कलमाखाली प्रमाणपत्र घ्या. सर्वसाधारण 5(h) वर भागवू नका.

तारखेची एक गंमत सांगतो, कारण तुमच्याकडेही ती होईल. तुम्ही 1 जुलैला राहायला जाणार, आणि सही समजा 4 तारखेला होणार. दलाल करारात "आज दिनांक 1 जुलै रोजी" लिहून ठेवेल आणि स्टँप असेल 4 जुलैचा. कागदच सांगतो की करार आधी झाला आणि स्टँप मागाहून आला. शुल्क सहीच्या आधी किंवा सहीच्या वेळी भरलेलं असायला हवं, त्यामुळे हा उगाच ओढवून घेतलेला वाद. करारावर सहीचीच तारीख घाला आणि आत एक वाक्य लिहा की भाडं आणि ताबा 1 जुलैपासून धरावा. एवढ्याने काम होतं.

सहीच्या वेळी पडताळणीचं चित्र फोनमध्ये ठेवा, ज्यात नंबर, दोन्ही नावं, रक्कम आणि तारीख एकत्र दिसते. समोर येईल तो कागद त्या चित्राशी जुळवा, कारण आदल्या रात्री तपासला तो कागद आणि सकाळी टेबलावर ठेवला तो कागद एकच असेल असं नाही. नंबरचे शेवटचे पाच आकडे मोठ्याने वाचा, लाजू नका. प्रमाणपत्राच्या खालच्या भागात एक रेघ आणि त्याखाली लिहिण्याची सूचना असते. कराराचा मजकूर तिथूनच सुरू झालेला हवा. कोरं प्रमाणपत्र पुढे आणि करार वेगळ्या कागदांवर मागे टाचलेला, असं असेल तर ते प्रमाणपत्र उद्या दुसऱ्या कराराला टाचलं जाऊ शकतं. पुढच्या प्रत्येक पानाच्या तळाशी प्रमाणपत्राचा नंबर हाताने लिहा आणि त्यालगत दोघांच्या सह्या घ्या. ही माझ्या वरिष्ठांची छापील स्टँपच्या जमान्यातली सवय, पण ई-स्टँपला तिचा जास्तच उपयोग होतो. मूळ प्रत मालक ठेवेल, तर सह्या झालेल्या सगळ्या पानांची रंगीत प्रत तिथल्या तिथे घ्या. प्रमाणपत्राची दुसरी प्रत विक्रेता काढून देत नाही, त्यामुळे "नंतर पाठवतो" मान्य करू नका.

नोटरीचा शिक्का आहे म्हणजे स्टँप तपासलेला आहे, असा एक समज आहे. नोटरी तुमच्या सह्या ओळखतो. वेबसाइट उघडून बसणारे नोटरी मला फारसे भेटलेले नाहीत.

सांगलीतल्या घराचा करार करायचा झाला तर मात्र हे सगळं जसंच्या तसं लावू नका. महाराष्ट्रात शुल्क बहुतेक वेळा ग्रास प्रणालीतून ई-चलनाने भरतात, त्यावर GRN नावाचा नंबर असतो आणि तो gras.mahakosh.gov.in वर बघायचा. दस्त नोंदला की ते चलन डिफेस होतं, म्हणजे वापरलं गेल्याची खूण त्याच्यावर पडते. तिथे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी मुदत कितीही असो, सक्तीची आहे, त्यामुळे एकच शुल्क दोनदा वापरायचा हा खेळ तिथे सहसा रंगत नाही. गुजरातचा नंबर ग्रासवर आणि महाराष्ट्राचा GRN स्टॉक होल्डिंगच्या साइटवर टाकून "खोटा आहे" म्हणत माझ्याकडे आलेले लोक आहेत, म्हणून लिहिलं.

आज रात्री 5(h) निवडून एकदा बघाच, म्हणजे कशाशी गाठ आहे ते कळेल. काहीही निघालं तरी दलालाला असा निरोप पाठवा: "स्टँप दोघांच्या नावाने नवीन हवा, भाडेकराराच्या कलमाखाली. पैसे मी देते. नंबर आल्यावर तपासते आणि मग सहीची वेळ ठरवू." त्यावर त्याने कुरकुर केली आणि आणून दिलं, तर माणूस आळशी होता. डिपॉझिट दुसरा कोणी घेऊन तयार आहे, आजच सांगा, असं म्हणायला लागला, तर गोत्रीत फ्लॅट पुष्कळ आहेत.